घड्याळात 540, हिशेबात 180: चरबी कमी करण्यासाठी पोहणाऱ्या एका नवशिक्या बाईंचं प्रकरण

नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे नीताताई म्हणू. आकडे मात्र त्यांच्या वहीतले आणि मी काठावर बसून टिपलेले आहेत.

## पार्श्वभूमी

नीताताई बेचाळिशीच्या, बैठी नोकरी. वजन 82 किलोच्या आसपास, कंबर 97 सेंटिमीटर. उजव्या गुडघ्यात झीज सुरू झालेली. डॉक्टरांनी पळणं आणि उड्या बंद करायला सांगितल्या होत्या, पोहायला हरकत नाही म्हणाले होते. रक्तदाब आणि हृदयाची तपासणी झालेली होती, त्यात काळजीचं काही नव्हतं.

लहानपणी शिकल्यामुळे त्यांना पोहता येत होतं, म्हणजे बुडण्याची भीती नव्हती. 25 मीटरच्या टँकमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या फ्रीस्टाइलने जायच्या आणि तिथे कठडा धरून धापा टाकत उभ्या राहायच्या. दम परत आला की पुढची फेरी. (या लेखात फेरी म्हणजे एकदा 25 मीटर. काही जण जाऊन-येऊन एक लॅप मोजतात. आपली वही दुसऱ्याच्या वहीशी ताडून बघण्याआधी हे विचारून घ्यावं.)

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी तासभर, असं सुमारे दोन महिने चाललं होतं. दांडी जवळपास नाही.

## अडचण

"सर, घड्याळ म्हणतं रोज 540 कॅलरी जातात. मग वजन का हलत नाही? उलट अर्धा किलो वाढलंय." त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हाचं हे वाक्य. बरोबर वही होती, त्यात प्रत्येक दिवशीचा घड्याळाचा आकडा लिहिलेला, आणि खाली आठवड्याची बेरीज.

अर्धा किलो वाढण्याला मी फार महत्त्व दिलं नाही. शरीरातल्या पाण्यानेच वजन दिवसाला एवढं खालीवर होतं. पण दोन महिन्यांत काहीच कमी झालं नाही, हे खरं होतं. 540 चा आकडा खरा मानला तर आठवड्याला 1600 च्या वर किलोकॅलरी, म्हणजे बोलण्यातल्या कॅलरी, जायला हव्या होत्या. एक किलो चरबीत साधारण 7700 किलोकॅलरी असतात. त्या हिशेबाने आतापर्यंत दीड किलो तरी उतरायला हवं होतं.

तेव्हा सल्ला देण्याआधी मी एक दिवस काठावर स्टॉपवॉच घेऊन बसलो. त्यांना सांगितलं, नेहमीसारखंच पोहा.

तासाभरात त्यांनी 24 फेऱ्या मारल्या, म्हणजे 600 मीटर. एका फेरीला सरासरी 47 सेकंद. म्हणजे प्रत्यक्ष पोहणं झालं 19 मिनिटं. उरलेली 41 मिनिटं कठड्याशी गेली: श्वास सावरणं, गॉगल पुसणं, शेजारच्या लेनमधल्या बाईंशी दोन शब्द. दर फेरीमागे सरासरी पावणेदोन मिनिटं थांबणं. यात आळस नव्हता. फेरी संपली की त्यांचा जीव खरोखरच कासावीस झालेला असायचा.

आता हिशेब. व्यायामाची तीव्रता मोजायला 'मेट' नावाचं माप वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे 1 मेट, आणि तो ढोबळमानाने दर किलो वजनामागे तासाला 1 किलोकॅलरी. संथ ते मध्यम गतीच्या फ्रीस्टाइलला संशोधकांच्या प्रमाणित तक्त्यात 5.8 मेट दिले आहेत, जोरकस वेगवान फ्रीस्टाइलला 9.8. नीताताई पहिल्या गटातल्या. 82 किलो गुणिले 5.8, आणि तासाऐवजी 19 मिनिटं: सुमारे 150 किलोकॅलरी. कठड्याशी उभं असताना, दम खाण्याचा वेळ धरून, मी 2 मेट पकडले. 41 मिनिटांचे झाले 112. एकूण 262.

यातून अजून एक वजाबाकी करायची असते, आणि ती बहुतेक जण विसरतात. तो तास त्या घरी खुर्चीत बसल्या असत्या तरी 82 किलोकॅलरी गेल्याच असत्या. पोहण्यामुळे जादा गेल्या त्या 180.

घड्याळातला आकडा तिप्पट कसा, याचं कारण अवघड नाही. घड्याळ पाण्यात उतरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा पूर्ण तास पोहणं म्हणून धरत होतं. शिवाय मनगटातला प्रकाशाचा सेन्सर पाण्यात नाडी नीट पकडत नाही, मधे पाणी शिरतं, पट्टा हलतो. मग यंत्र अंदाजाने भरतं. सगळी घड्याळं इतकीच चुकतात असं नाही, पण पोहण्याच्या बाबतीत मी त्यांचा आकडा पुरावा म्हणून धरत नाही.

180 गुणिले तीन, आठवड्याला 540. म्हणजे घड्याळ एका दिवसाचं जे सांगत होतं ते त्यांच्या आठवड्याचं होतं. या गतीने एक किलो चरबी उतरायला सव्वातीन महिने लागले असते, आणि तेही खाण्यात काडीचाही फरक न पडता.

पण फरक पडत होता. टँकवरून निघाल्यावर त्यांना कडकडून भूक लागायची. मोठा कप गोड कॉफी, चार-पाच बिस्किटं, मूठभर शेंगदाणे. हे जेवणाच्या आधी, आणि जेवण नेहमीएवढंच. मी वहीवरून बेरीज केली तेव्हा ती 350 च्या आसपास आली. त्यांच्या मनात हिशेब साधा होता: 540 घालवल्या, 350 घेतल्या, तरी फायदाच. प्रत्यक्षात पोहण्याच्या दिवशी, पोहण्यात गेलेल्या 180 वजा करूनही, त्या न पोहण्याच्या दिवसापेक्षा 170 किलोकॅलरी जास्त घेत होत्या.

भुकेचं कारण निव्वळ लाड नव्हतं. 2005 साली फ्लोरिडात झालेल्या एका लहानशा प्रयोगात काही पुरुषांना पाण्यात बुडवलेल्या सायकलवर व्यायाम करायला लावला होता, एकदा 33 अंशांच्या पाण्यात आणि एकदा 20 अंशांच्या. ऊर्जा जवळपास तेवढीच खर्च झाली, पण गार पाण्यानंतर त्यांनी चाळीस टक्क्यांहून जास्त खाल्लं. ते पोहणं नव्हतं आणि टँकचं पाणी सहसा इतकं गार नसतं, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा कुणाला लावू नये. पण गार पाण्यातून निघाल्यावर भूक उसळते हा अनुभव पोहणाऱ्यांना नवा नाही.

## समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांनीच मांडला. पोहणं सोडून चालायला लागायचं. हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लठ्ठ स्त्रियांनी खाण्यावर बंधन न ठेवता चालणं, सायकल किंवा पोहणं यातलं एक केलं. चालणाऱ्यांचं आणि सायकलवाल्यांचं वजन दहा-बारा टक्क्यांनी उतरलं, पोहणाऱ्यांचं उतरलं नाही. उलट ऑस्ट्रेलियातल्या प्रौढ स्त्रियांवरच्या, 2010 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात पोहणारा गट चालणाऱ्यांपेक्षा वर्षभरात किलोभराने पुढे होता. तेव्हा 'पोहून चरबी जात नाही' हे जितकं चूक, तितकंच 'पोहणं हा चरबीवर सगळ्यात भारी व्यायाम' हेही. नीताताईंपुरतं बोलायचं तर सपाट रस्त्यावर तासभर नेटाने चालण्यात त्यांच्या 200 च्या वर किलोकॅलरी जादा गेल्या असत्या, म्हणजे टँकमधल्या तासापेक्षा जास्त. अडचण गुडघ्याची. वीस मिनिटांनंतर तो ठणकायला लागायचा.

दुसरा पर्याय, तासाऐवजी दीड तास पोहणं. मला हा सुरुवातीपासूनच पसंत नव्हता. त्यांच्या पद्धतीने अजून अर्धा तास म्हणजे अजून नऊ-दहा मिनिटं पोहणं आणि वीस मिनिटं कठडा. दमलेल्या खांद्यांनी मारलेले वाकडे हात वर मोफत.

तिसरा, पोहणं आहे तसं ठेवून फक्त खाणं कमी करणं. वजनाच्या दृष्टीने हा एकटाही चालला असता. पण ताईंना पाण्यात प्रगती हवी होती, आणि नुसतं खाणं आवळून उतरवलेल्या वजनात स्नायूंचा वाटा बराच असतो.

चौथा, त्याच तासात पोहण्याची मिनिटं वाढवणं. 19 ची 30 च्या पुढे न्यायची. त्यासाठी आधी एवढी धाप का लागते ते सोडवायचं, मग फेऱ्यांची रचना बदलायची. याला जोडून पोहल्यानंतरचं खाणं ठरवून खायचं आणि रोज गुडघ्याला झेपेल तेवढं, पंधरा-वीस मिनिटं चालायचं. आम्ही हा निवडला.

## पहिला निर्णय: अंतर वाढवायचं नाही

पहिले तीन आठवडे फेऱ्या 24 च ठेवल्या. ताईंना हे पटलं नाही. "सर, वजन कमी करायचंय आणि तुम्ही हळू पोहायला सांगताय?" पण त्यांची फेरी पाण्याखालून पाहिली की धापेचं कारण दिसत होतं.

त्या तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरायच्या. मान वळवली की त्याच अर्ध्या सेकंदात आधी उच्छ्वास, मग श्वास. उच्छ्वास पुरा व्हायचाच नाही, त्यामुळे आत येणारी हवाही तोकडी. छाती जड होते, घुसमटल्यासारखं वाटतं. ही घुसमट मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते, आणि ती आली की माणूस मान वर काढतो. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरकं होऊन पाणी आडवं येतं, आणि बुडणारे पाय सावरायला तो ते जोरजोरात मारतो. मांड्यांचे स्नायू मोठे, ऑक्सिजन भरपूर खातात. पण फ्रीस्टाइलमध्ये नवशिक्याला पुढे नेण्यात लाथांचा वाटा अगदी थोडा. ताईंची नाडी फेरीच्या शेवटी मानेवर बोटं ठेवून मोजली तर दीडशेच्या वर. पाण्यात आडवं असताना त्याच मेहनतीला नाडी जमिनीपेक्षा दहाएक ठोक्यांनी कमी असते, हे लक्षात घेतलं तर 47 सेकंदांच्या फेरीसाठी त्या जवळपास धावण्याच्या शर्यतीइतक्या दमत होत्या.

वेग वाढवला की पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद साधारण घनाने. म्हणून फेरी पाच-सहा सेकंदांनी सावकाश केली तर श्रम बरेच उतरतात. आम्ही तेच केलं. फेरीला 52 ते 55 सेकंद. तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे, नाकातून आणि तोंडातून, आणि वळल्यावर फक्त आत घेणं. नजर तळाकडे. पाय फक्त शरीर सरळ राहण्यापुरते हलवायचे.

विश्रांती घड्याळाने न मोजता श्वासांनी मोजायची ठरली. कठड्याला धरून डोकं पाण्यात बुडवून आठ लांब उच्छ्वास, की निघायचं. हे साधारण अर्ध्या मिनिटाचं काम. यात दोन गोष्टी साधतात. विश्रांतीला मर्यादा येते, आणि जो उच्छ्वास शिकायचा आहे त्याचा सराव थांबलेलं असतानाही होतो. एक इशारा इथेच: श्वास रोखून पूर्ण फेरी मारण्याचे प्रयोग कुणीही करू नयेत. पाण्यात शुद्ध हरपण्याआधी शरीर बऱ्याचदा सूचनाही देत नाही.

रचना अशी होती. आधी चार फेऱ्या सैलावण्यासाठी, कसंही पोहा. मग सहा-सहा फेऱ्यांचे तीन संच, फेऱ्यांमध्ये आठ उच्छ्वास, संचांमध्ये दोन मिनिटं. शेवटी दोन फेऱ्या बॅकस्ट्रोक. संच तोडायचा नियम एकच: फेरीतले हात मोजायचे. सुरुवातीला त्यांना 25 मीटरला 30 हात लागत. संचातल्या एखाद्या फेरीत पहिल्या फेरीपेक्षा चारहून जास्त हात लागले, तर संच तिथेच संपला. दमलेला पोहणारा आपण दमलोय हे मान्य करायच्या आधी त्याचे हात आखूड होतात, आणि आकडा ते लगेच सांगतो.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्याच 24 फेऱ्या 38 मिनिटांत संपायला लागल्या. पोहण्याची मिनिटं 21, म्हणजे आधीपेक्षा दोनच जास्त. जादा खर्च झालेल्या किलोकॅलरी सुमारे 160. पूर्वीच्या 180 पेक्षाही कमी! ताईंनी हे वहीत लाल शाईने लिहिलं आणि मला दाखवलं. पण आता त्यांच्याकडे वीसेक मिनिटं शिल्लक होती आणि दम शाबूत होता. हात 30 वरून 25 वर आले होते.

इथे एक शंका नेहमी येते, ताईंनाही आली: तंत्र सुधारलं की कमी श्रमात अंतर कापलं जातं, मग चरबी कमी जळणार नाही का? एका फेरीमागे नक्कीच कमी जळते. पण नवशिक्याचा खर्च अडतो तो न थांबता किती मिनिटं टिकतो यावर. तीस फेऱ्या स्वस्तात पडल्या तर चाळीस मारता येतात.

## दुसरा निर्णय: फेऱ्या वाढवणं, आणि मधला खोळंबा

चौथ्या आठवड्यापासून आठ-आठ फेऱ्यांचे संच केले. दर चौथी फेरी बॅकस्ट्रोक. त्यात तोंड वर असल्याने श्वास मोकळा राहतो, आणि थांबण्याऐवजी पोहतच दम परत येतो. ब्रेस्टस्ट्रोक त्यांना आवडायचा, पण तो मी काढून टाकला. त्यात पाय बाहेर फिरवून झटका देताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो, आणि गुडघा आधीच कुरकुरत असेल तर तो ताण परवडत नाही. गुडघेदुखीला पोहणं चांगलं, हे सरसकट वाक्य या एका प्रकारापाशी अडतं.

पोहण्याची मिनिटं 28 पर्यंत गेली, जादा खर्च 200 च्या घरात.

सहाव्या आठवड्यात डावा खांदा पुढच्या बाजूने दुखायला लागला. विचारल्यावर कळलं की लेनमधल्या कुणाकडून तरी हाताला लावायची प्लॅस्टिकची पॅडल घेऊन त्या चार दिवस पोहत होत्या. पॅडलने पाणी जास्त ढकललं जातं, वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि सगळा भार खांद्यावर येतो. त्यांचा डावा हात पाण्यात शिरताना डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे उजवीकडे जायचा. तो दोष साध्या हाताने महिनोन्महिने चालून गेला असता. पॅडलने चार दिवसांत गाठलं.

इथे दोन वाटा होत्या. दुखण्यातून हळूहळू पोहत राहणं, किंवा थांबणं. आम्ही एक आठवडा हात बंद ठेवले. त्या आठवड्यात फक्त चालणं, आणि एक दिवस पाठीवर पडून हात शरीराशी ठेवून नुसते पाय. परतल्यावर फेऱ्या वीसवर आणल्या आणि हात खांद्याच्या सरळ रेषेत पुढे टाकण्यावर लक्ष दिलं. हात वर नेताना टोचणारं दुखणं आठवड्याच्या विश्रांतीने गेलं नसतं, तर त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तशी वेळ आली नाही.

आठव्या आठवड्यापासून 50 मीटरचे तुकडे आले. शेवटचं वेळापत्रक त्यांच्या वहीत असं आहे: 4 फेऱ्या सैलावणं. मग 50 मीटर आठ वेळा, मध्ये अर्धा मिनिट. मग 25 मीटर आठ वेळा थोडं नेटाने, मध्ये अर्धा मिनिट. मग 50 मीटर चार वेळा, एक फेरी फ्रीस्टाइल आणि एक बॅकस्ट्रोक. शेवटी 4 फेऱ्या अगदी निवांत. एकूण 1000 मीटर, 50 मिनिटं, त्यात पोहणं 33-34 मिनिटं. दिवस तीनाचे चार केले.

आता हिशेब 80 किलो धरून: पोहण्याचे 263, थांबण्याचे 43, वजा बसून गेले असते ते 67. एका दिवसाचे सुमारे 240. आधीपेक्षा दहा मिनिटं कमी वेळात साठ किलोकॅलरी जास्त. हे वाचून कुणाचा हिरमोड झाला तर तो रास्त आहे, पण हाच खरा आकडा आहे. याच वजनाच्या माणसाने सलग तासभर न थांबता संथ फ्रीस्टाइल केलं, तरी बसण्याचा खर्च वजा जाता 385 च्या आसपासच पोहोचतो. नवशिक्याने तासाला 500-600 चा आकडा कागदावर धरू नये.

## तिसरा निर्णय: पोहल्यानंतरचा अर्धा तास

खाण्याचं पथ्य म्हणून मोठं काही दिलं नाही. पोहून आल्यावर लगेच कोरडं होऊन गरम कपडे, गरम आणि बिनसाखरेचं पेय, आणि पुढचं जेवण अर्ध्या-पाऊण तासात येईल अशी पोहण्याची वेळ. मधलं 350 चं खाणं त्या जेवणात मिसळलं. भूक तीच, पण तिला ताटातलं प्रथिन आणि भाजी मिळाली, बिस्किटं नाही. इतर दिवशी रात्रीच्या जेवणात एकदा वाढून घेणं कमी. वहीवरून काढलं तर दिवसाला सरासरी 300 ते 350 कमी.

सगळ्यात जास्त फरक मात्र घड्याळ काढून ठेवल्याने पडला असं मला वाटतं. आकडा दिसेना, तेव्हा त्याची वसुलीही थांबली. वहीत आता फेऱ्या, हात आणि पोहण्याची मिनिटं एवढंच लिहायचं.

पाण्याची बाटली काठावर ठेवायला सांगितली. पाण्यात घाम जाणवत नाही, पण येतो.

## काय निष्पन्न झालं

बारा आठवड्यांनी वजन 82.4 वरून 79.1 वर आलं. हे दोन्ही आकडे सात दिवसांच्या सरासरीचे आहेत, एका दिवसाच्या काट्याचे नाहीत. कंबर 97 वरून 91 सेंटिमीटर.

यात पोहण्याचा वाटा किती, हे ताईंनीच विचारलं. पूर्ण बारा आठवड्यांच्या पोहण्याची बेरीज, खांद्याचा आठवडा वजा करून, 8000 किलोकॅलरींच्या आसपास येते. म्हणजे एक किलोच्या थोडंसं वर. उरलेले दोन-सव्वादोन किलो खाण्याचे आणि चालण्याचे. कागदावरच्या गणिताप्रमाणे एकूण उतार याहून जास्त यायला हवा होता. पण वहीत न आलेले घास आणि वजनाबरोबर घटत जाणारा खर्च, दोन्ही गृहीत धरावे लागतात.

पोहण्यात झालेला बदल जास्त ठळक होता. सुरुवातीला 25 मीटरनंतर पावणेदोन मिनिटं थांबणाऱ्या ताई शेवटच्या आठवड्यात 200 मीटर सलग गेल्या. 25 मीटरला हात 23. गुडघा चालताना वीस मिनिटांऐवजी अर्धा तास साथ देतो. वजन उतरल्यामुळे की पाय बळकट झाल्यामुळे, ते सांगता येणार नाही.

## पुन्हा असं प्रकरण आलं तर

वजनं उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, हलका, नवव्या आठवड्यात सुरू झाला. तो पहिल्या आठवड्यापासून हवा. पाण्यात शरीराचा भार पाणी पेलतं, म्हणून हाडं आणि मांड्या यांना जो ताण मिळायला हवा तो पोहण्यातून मिळत नाही. आणि खाणं कमी केलेलं असताना स्नायू टिकवायचे तर तो ताण आणि पुरेसं प्रथिन लागतंच. खांद्यामागचे स्नायू आधी तयार असते तर पॅडलचा प्रसंग कदाचित टळलाही असता.

हात मध्यरेषेपलीकडे जातो हे पहिल्याच दिवशी दिसत होतं. श्वासाचं काम आधी, म्हणून ते मागे ठेवलं. दोन दोष एकदम सुधारायला सांगितले तर नवशिक्याला एकही जमत नाही, हे खरं. पण जो दोष नुसता वेग खातो तो थांबू शकतो, जो सांधा दुखवू शकतो त्याला रांगेत पुढे घ्यायला हवं. आणि साधनांबद्दल स्पष्ट बोलायला हवं: पहिले तीन महिने पॅडल नाही, कुणी प्रेमाने दिली तरी.

चौथा दिवस वाढवण्यावर मी अजून दोन्ही बाजूंनी विचार करतो. त्या दिवसाने आठवड्याला 240 किलोकॅलरी दिल्या. तेवढ्याच वेळात गुडघ्याला झेपणारं चालणं आणि थोडी वजनं केली असती तर खर्च फारसा कमी झाला नसता आणि स्नायूंना फायदा झाला असता. ताईंना मात्र चौथा दिवस पाण्यातच हवा होता, आणि जो व्यायाम माणूस स्वतःहून मागतो तो काढून घेणं मला जड जातं.

सध्या वजन 79 वर अडलं आहे. पुढच्या टप्प्यात 50 मीटरचे तुकडे 100 वर नेऊन पोहण्याची मिनिटं 40 करायची आणि खाण्याची वही दोन आठवडे पुन्हा काटेकोर भरायची, एवढं ठरलं आहे. आधी वही, मग फेऱ्या, कारण अडलेल्या वजनाचं कारण टँकबाहेर असण्याची शक्यता जास्त.